तात्यांचा क्षणात सांगितलेला भाव आणि चार दिवसांचा हिशेब: सिस्टिम १ आणि सिस्टिम २ कुठे चुकतात?

प्रश्न: सर, मी एम.ए. मानसशास्त्राला आहे, गाव तासगाव. बोधनिक मानसशास्त्राच्या पेपरात सिस्टिम १ आणि सिस्टिम २ आहे. नोट्स वाचल्या की वाटतं, झटपट विचार म्हणजे चुका आणि सावकाश विचार म्हणजे बरोबर. पण आमचे तात्या (चुलते) बेदाण्याच्या सौद्यात मूठभर माल हातात घेऊन क्षणात भाव सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. तेच तात्या माल दिवाळीपर्यंत ठेवायचा की आत्ताच विकायचा यावर चार दिवस वहीत हिशेब करतात आणि तरी तोंडावर आपटतात. मग कधी कशावर भरवसा ठेवायचा? आणि प्रोजेक्टमध्ये हे तपासता येईल का?

उत्तर:

नोट्समधलं ते समीकरण आधी खोडून टाका. झटपट बरोबर, झटपट चूक, सावकाश बरोबर, सावकाश चूक अशा चारही जोड्या रोज घडतात, आणि तुमच्या घरातच त्यातल्या दोन तुम्ही पाहिल्यात. विचार किती वेगाने झाला यावरून तो चुकणार की नाही हे फारसं कळत नाही. झटपट आलेलं उत्तर कुठल्या परिस्थितीत शिकलं गेलं आणि सावकाश विचार सुरू होताना त्याच्या हातात कुठला आकडा ठेवला गेला, या दोन गोष्टींवरून बरंच कळतं.

आता सिद्धांताबद्दल, थोडक्यात. ‘सिस्टिम १’ आणि ‘सिस्टिम २’ ही नावं कीथ स्टॅनोविच आणि रिचर्ड वेस्ट यांनी २००० साली वापरली. डॅनियल कानेमन यांनी २०११ च्या पुस्तकात ती घराघरांत पोचवली. पण त्याच्या कितीतरी आधी, १९७० च्या दशकापासून, जोनाथन इव्हान्स याच वाटेवर काम करत होते. २०१३ साली इव्हान्स आणि स्टॅनोविच या दोघांनी मिळून एक स्पष्टीकरण दिलं, ते उत्तरपत्रिकेत जरूर लिहा. मेंदूत दोन वेगळी यंत्रं बसवलेली आहेत असं समजू नका, विचाराचे दोन प्रकार आहेत असं म्हणा, हा त्याचा सारांश. पहिला प्रकार आपोआप सुरू होतो आणि त्याला वर्किंग मेमरी, म्हणजे विचार चालू असताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी स्मृती, लागत नाही. दुसऱ्याला ती लागते, आणि ‘असं असतं तर काय झालं असतं’ हे वास्तवापासून बाजूला ठेवून तपासणं त्यालाच जमतं. पाटीवरचं ‘सांगली ८ कि.मी.’ तुम्ही न वाचता राहूच शकत नाही. सतराला चोविसाने गुणताना मात्र मधले आकडे धरून ठेवावे लागतात. एवढाच मूळ फरक. वेगवान-संथ, भावनिक-तर्कशुद्ध, जुना मेंदू-नवा मेंदू असा जो लांबलचक दोन रकान्यांचा तक्ता नोट्समध्ये असतो, त्यातले बरेचसे गुण एकत्र आढळतात खरे, पण आढळलेच पाहिजेत असं नाही. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या निम्म्या गोंधळाचं मूळ तो तक्ताच आहे.

झटपट विचार नेमका कसा घसरतो हे पाहायला एक जुनं कोडं घेऊ. शेन फ्रेडरिक यांनी २००५ साली तीन प्रश्नांची एक छोटी चाचणी मांडली. त्यातला पहिला प्रश्न आपल्या दुकानात आणायचा तर असा होईल: वही आणि पेन मिळून ११० रुपये. वही पेनापेक्षा १०० रुपयांनी महाग. पेन कितीला? ‘दहा’ हे उत्तर तुमच्याही डोक्यात येऊन गेलं असणार. पेन दहाचं असेल तर वही ११० ची आणि दोन्ही मिळून १२० होतात. खरं उत्तर पाच. एमआयटीसारख्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांपैकीही निम्म्याहून कमी जणांनाच त्या चाचणीतले तिन्ही प्रश्न बरोबर आले होते.

इथे काय घडलं? ‘शंभरने महाग’ हे थोडं अवघड विधान मनाने परस्पर ‘शंभरची’ असं सोपं करून घेतलं. ११० चे १०० आणि १० असे तुकडे इतके अलगद पडतात की उत्तर सुटल्यासारखं वाटतं. व्हॅलरी थॉम्पसन यांनी या ‘बरोबर असल्याच्या भावनेवर’ बरंच काम केलं आहे. उत्तर जितकं सहज सुचतं तितकी ती भावना घट्ट असते, आणि ती घट्ट असली की माणूस पुन्हा तपासायला बसत नाही. म्हणजे सावकाश विचार इथे हरला असं म्हणता येत नाही, त्याला बोलावणंच गेलं नाही.

एवढं बहुतेक नोट्समध्ये असतं. पुढचं सहसा नसतं. विम डी नेइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘दहा’ असं चुकीचं उत्तर देणाऱ्यांना विचारलं, तुम्हाला किती खात्री आहे? ज्या सोप्या प्रश्नात असा सापळा नव्हता त्याच्या तुलनेत या लोकांची खात्री कमी निघाली. काहीतरी खटकत होतं, पण थांबून पाहण्याइतकं नाही. नंतर बॅगो आणि डी नेइस यांनी लोकांकडून दोनदा उत्तर घेतलं. पहिलं उत्तर घड्याळाच्या धाकात आणि डोक्यात ठिपक्यांचा एक नमुना लक्षात ठेवायला देऊन, म्हणजे वर्किंग मेमरी आधीच गुंतवून. दुसरं उत्तर हवा तितका वेळ देऊन. शेवटी ज्यांचं उत्तर बरोबर आलं त्यांच्यापैकी अनेकांचं पहिल्या, घाईच्या फेरीतही बरोबरच होतं. ‘अंतर्ज्ञान चुकतं आणि मग विवेक येऊन दुरुस्त करतो’ ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण ती वाटते त्यापेक्षा कमी वेळा घडते. ज्यांना अशा गणिताचा सराव आहे त्यांचं अंतर्ज्ञानच सुधारलेलं असतं.

इथून आपण तात्यांच्या मुठीकडे येऊ.

सौद्यात तात्या काय करतात ते नीट आठवा. बॉक्स उघडतो, ते मूठभर बेदाणा घेतात, मुठीत दाबून सोडतात. दाणे सुटे पडले की चिकटून राहिले यावरून ओलावा कळतो. तळहातावर पसरून रंग एकसारखा आहे का ते पाहतात, काड्या आणि काळे दाणे किती ते नजरेने टिपतात, एखादा दाणा तोंडात टाकतात, वास घेतात. हे सगळं होईपर्यंत भाव तोंडात आलेला असतो. विचारलं तर म्हणतील, “बघितल्यावर कळतंय.” गॅरी क्लाइन यांनी अग्निशमन दलाच्या अनुभवी अधिकाऱ्यांचा अभ्यास केला तेव्हा त्यांनाही जवळजवळ हेच ऐकायला मिळालं होतं. ते अधिकारी दोन-तीन पर्याय मांडून तुलना करत नव्हते. समोरचा प्रसंग ओळखीचा वाटला की त्यासोबत कृतीही सुचत होती.

क्लाइन हे अनुभवी माणसाच्या अंतर्ज्ञानाचे चाहते, कानेमन त्याच्या चुकांचे अभ्यासक. दोघांनी काही वर्षं एकत्र बसून वाद घातला आणि २००९ साली एक संयुक्त लेख लिहिला. विशेष म्हणजे मोठा मतभेद उरलाच नाही. झटपट निर्णयावर भरवसा ठेवायला दोन अटी आवश्यक आहेत यावर त्यांचं एकमत झालं. एक, त्या क्षेत्रात पकडता येईल अशी नियमितता हवी, म्हणजे समोर दिसणाऱ्या खुणा आणि पुढे निघणारा निकाल यांचं नातं टिकाऊ हवं. दोन, ते नातं शिकायची संधी मिळायला हवी: भरपूर वेळा, आणि चुकलं की लवकर आणि स्पष्ट कळेल अशी. माणसाला किती आत्मविश्वास आहे ही अट त्यात नाही. लेखाचा सगळ्यात उपयोगी भाग मला तोच वाटतो.

आता दोन्ही अटी तात्यांना लावून पाहा. बेदाणा मुठीत चिकटतो कारण त्यात ओलावा जास्त आहे. हे गेल्या वर्षी खरं होतं आणि पुढच्या वर्षीही असेल. रंग बिघडला तर त्यामागे शेडमधली हवा, पाऊस, गंधकाची धुरी कमी-जास्त होणं अशी ठोस कारणं असतात. नियमितता आहे. संधीही आहे: हंगामात एका दिवसात कितीतरी लॉट हाताखालून जातात. तात्यांनी भाव मनात धरला की काही मिनिटांतच बाकीचे खरेदीदार काय बोलले ते ऐकू येतं, आणि माल खराब निघाला तर पुढच्या व्यापाऱ्याचा फोन फार दिवस थांबत नाही. म्हणजे मूठ शिकली ती या रोजच्या निकालांवर. ती चुकत नाही यात गूढ काही नाही.

दिवाळीचा भाव ही वेगळीच गोष्ट आहे. तो ठरतो ते द्राक्षाच्या हंगामात अवकाळी पाऊस कितपत झाला, किती बागायतदारांनी द्राक्ष न विकता बेदाण्याला घातलं, कोल्ड स्टोअरेजमध्ये किती माल पडून आहे, बाहेरून किती आयात झाली, सण कधी आले अशा गोष्टींवर. यातल्या बऱ्याचशा मे महिन्यात तात्यांना दिसतच नाहीत, आणि ज्या दिसतात त्यांचं वजन दरवर्षी बदलतं. निकाल कळतो वर्षातून एकदाच. वीस वर्षांच्या धंद्यात भाव ओळखण्याचे निकाल हजारोंनी मिळाले असतील, दिवाळीचे फक्त वीस. त्यातही निकाल लागल्यावर स्मृती गडबड करते. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली दाखवलं की निकाल कळल्यावर माणसाला तो आधीपासूनच अटळ होता असं वाटायला लागतं. भाव चढला की “मला वाटलंच होतं”, पडला की “सरकारने आयात सोडली म्हणून”. मग ते वीस निकालही शिकायला उपयोगी पडत नाहीत.

अडचण अशी की तात्यांना आतून दोन्ही अंदाज सारखेच खात्रीचे वाटतात. मुठीतून आलेला भाव आणि मनातून आलेला दिवाळीचा भाव यांची चव एकच. एका कामात कमावलेला आत्मविश्वास माणूस शेजारच्या कामात बिनदिक्कत घेऊन जातो, आणि ‘एवढी वर्षं धंद्यात आहे’ हे वाक्य दोन्हीकडे सारखंच शोभतं. म्हणून कुणाच्या अनुभवाबद्दल ऐकलं की मी वर्षं विचारत नाही. मी विचारतो, निकाल किती वेळा कळला आणि किती लवकर?

पण तात्या दिवाळीचा निर्णय झटपट घेत नाहीत, चार दिवस वही घेऊन बसतात. मग चूक सिस्टिम १ ची कशी? हिशेब मांडून बघू. आकडे मी समजुतीसाठी घेतो आहे, तुमच्या घरचे वेगळे असतील.

समजा मे महिन्यात चार टन, म्हणजे ४,००० किलो माल आहे आणि आजचा भाव किलोला १८० रुपये. आज विकला तर ७,२०,००० रुपये हातात येतात. ठेवला तर दिवाळीपर्यंत साधारण पाच महिने. पैसे अडकले त्याचं व्याज वर्षाला १२ टक्क्यांनी धरलं तर पाच महिन्यांचं ५ टक्के, म्हणजे ३६,००० रुपये, किलोमागे ९ रुपये. कोल्ड स्टोअरेजचं भाडं, हमाली, विमा मिळून किलोला आणखी ५ रुपये धरा. म्हणजे दिवाळीला १९४ रुपये मिळाले तर आज विकल्याइतकेच झाले. तात्यांचा अंदाज २२० चा. किलोमागे २६ रुपये सुटतात, एकूण १,०४,००० रुपये फायदा. निर्णय झाला, माल ठेवायचा.

या हिशेबात बेरीज, वजाबाकी, व्याज काहीही चुकलेलं नाही. तो तपासायला तुम्ही गणिताचे प्राध्यापक बसवलेत तरी ते सही करतील. पण २२० आले कुठून? ते गेल्या किंवा त्याच्या आधीच्या एखाद्या चांगल्या वर्षाच्या आठवणीतून आले. ते चार दिवसांच्या विचाराच्या आधीच, पहिल्या क्षणी आले, आणि नंतर चार दिवसांत त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. सगळी मेहनत व्याजाचा दर साडेअकरा धरायचा की बारा यावर गेली. सावकाश विचार झाला, पण झटपट आलेल्या एका आकड्याचा वकील म्हणून झाला. सावकाश विचार चुकतो तेव्हा बहुतेक वेळा तो असाच चुकतो. हुशार माणसाचा वकील जास्त हुशार असतो, त्यामुळे शिक्षणाने हा धोका आपोआप कमी होत नाही.

हे ओळखायचं कसं? मी एक प्रश्न वापरतो: कुठला आकडा वेगळा निघाला असता तर तुम्ही आजच विकलं असतं? ज्याचा विचार खरोखर मोकळा होता तो लगेच सांगतो, “दिवाळीचा भाव १९४ च्या खाली जाईल असं दिसलं असतं तर.” ज्याने निर्णय आधी घेऊन हिशेब मागाहून लावला आहे तो अडखळतो, किंवा नवी कारणं पुढे करतो. तो प्रश्नाला उत्तर देत नाही, निर्णयाची बाजू लढवतो. दुसरी खूण वहीतच सापडते. ठेवण्याच्या बाजूची कारणं पाच-सहा आणि विकण्याच्या बाजूचं एकही नाही, असं दिसलं की समजा, वही उघडण्याआधीच ठरलं होतं.

दुरुस्तीचा मार्ग अजून विचार करणं हा नाही, आधी आकडा बदलून घेणं हा आहे. २२० मनातून न आणता बाजाराच्या नोंदींतून आणायचे. बाजार समितीकडे मागच्या भावांच्या नोंदी असतात. त्यातून मे आणि दिवाळी यांच्या भावांतला फरक दहा वर्षांसाठी काढा, आणि तो आजच्या भावाच्या प्रमाणात बदलून घ्या. समजा दहापैकी चार वर्षांत भाव सरासरी ३० रुपयांनी चढला आणि सहा वर्षांत सरासरी ५ रुपयांनी उतरला. चार गुणिले तीस म्हणजे १२०, त्यातून सहा गुणिले पाच म्हणजे ३० गेले, उरले ९०. दहा वर्षांवर वाटले तर सरासरी वाढ ९ रुपये. ठेवायचा खर्च १४. किलोमागे ५ रुपयांचा तोटा, चार टनांवर २०,००० रुपये. त्याच बेरीज-वजाबाकीतून, त्याच व्याजदराने, निर्णय उलटा झाला.

इथेही थोडं सावध राहा. दहा वर्षं म्हणजे दहाच निकाल, त्यावर फार मोठा डोलारा उभा राहत नाही. आणि या वर्षी तात्यांना एखादी खास माहिती असू शकते: शेजारच्या तीन गावांत पावसाने शेडमधला माल काळा पडला आणि चांगला हिरवा बेदाणा कमी येणार, असं काही. ती माहिती टाकून द्यायची नाही. पण सुरुवात ९ पासून करायची आणि त्या माहितीसाठी वर सरकायचं. ४० पासून सुरू करून इतिहासासाठी थोडं खाली यायचं नाही. सुरुवात कुठून केली यावर शेवट फार अवलंबून असतो. कानेमन आणि अॅमॉस ट्वर्स्की यांच्या १९७४ च्या लेखातला तो अँकरिंगचा भाग तुमच्या अभ्यासक्रमात असेलच.

सावकाश विचाराची आणखी एक चूक आहे, ती पुस्तकांत कोपऱ्यात पडलेली असते. मुठीने करायचं काम त्याच्या हाती दिलं तर काम बिघडू शकतं. टिमोथी विल्सन आणि जोनाथन स्कूलर यांनी १९९१ साली विद्यार्थ्यांना स्ट्रॉबेरी जॅमचे नमुने चाखायला दिले. काहींना नुसती पसंती सांगायला लावली, काहींना आधी आवडीनिवडीची कारणं लिहायला लावली. नुसती पसंती सांगणाऱ्यांचा क्रम तज्ज्ञांच्या क्रमाशी बऱ्यापैकी जुळला; कारणं लिहिणाऱ्यांचा भरकटला. जी कारणं शब्दांत सहज मांडता येतात तीच महत्त्वाची असतात असं नाही, पण लिहायला बसलं की माणूस त्यांनाच जास्त वजन देतो. तात्यांना उद्या कुणी रंगाला दहापैकी, आकाराला दहापैकी असे गुण देऊन मगच भाव सांगायला लावला तर ते सुधारतील की बिघडतील? जॅमचे विद्यार्थी नवखे होते, तात्या मुरलेले आहेत, त्यामुळे मी पैज लावणार नाही. नेमकं हेच तुमच्या प्रोजेक्टमध्ये तपासण्यासारखं आहे.

प्रोजेक्ट असं करा. वीस वेगवेगळ्या लॉटचे नमुने सारख्या पिशव्यांत भरा. पिशवीवर फक्त क्रमांक. शेतकऱ्याचं नाव नाही, गावाचं नाव नाही, कारण गावाच्या नावावरून भाव सांगणं ही वेगळी कला आहे. त्यातल्या पाच लॉटचे नमुने दुसऱ्या क्रमांकाने पुन्हा घाला आणि क्रम मिसळा. झाल्या पंचवीस पिशव्या. ही पाच जुळी अख्ख्या प्रयोगाचा कणा आहेत. एकाच मालाला सकाळी १८० आणि दुपारी १९५ सांगितले, तर अंतर्ज्ञान कितीही खात्रीचं वाटलं तरी ते स्थिर नाही. जे स्वतःशीच जुळत नाही ते बाजाराशी नीट जुळेल अशी आशा ठेवता येत नाही. पहिल्या फेरीत मूठ घेतल्यावर दहा सेकंदांत भाव. काही दिवसांनी दुसरी फेरी, क्रम बदलून, आणि या वेळी रंग, आकार, ओलावा, काड्या यांचे गुण लिहून मग भाव. दोन्ही फेऱ्यांत जुळ्या पिशव्यांमधला सरासरी फरक काढा, आणि सांगितलेला भाव त्या दिवशी सौद्यात निघालेल्या भावापासून किती लांब होता तेही काढा. प्रत्येक भावासोबत खात्री किती तेही एक ते शंभर असं विचारून ठेवा. जिथे खात्री जास्त तिथे चूक कमी निघते का, हे पाहिलंत की खात्री किती कामाची ते थेट दिसेल. नमुने बंद डब्यात ठेवा, नाहीतर मधल्या दिवसांत ओलावा बदलेल आणि तुम्ही तात्यांच्या नावावर हवामानाची चूक लिहाल.

दुसऱ्या भागात अंदाज तपासा. दिवाळीची वाट पाहायला तुम्हाला वेळ नाही, म्हणून आठवड्याचा अंदाज घ्या. आठ आठवडे, दर सोमवारी: ठरलेल्या एका दर्जाच्या मालाचा पुढच्या सोमवारचा भाव कुठून कुठपर्यंत असेल? पट्टा असा सांगायला लावा की त्यांना ऐंशी टक्के खात्री असावी. आठपैकी सहा-सात वेळा खरा भाव त्या पट्ट्यात पडायला हवा. चारच वेळा पडला तर पट्टे अरुंद आहेत, म्हणजे फाजील आत्मविश्वास आहे. आठच निकाल असल्याने एवढ्यावरून ठाम बोलू नका, पण दिशा दिसेल. तुलनेला एक बिनडोक अंदाज ठेवा: ‘पुढच्या सोमवारीही आजचाच भाव’. पट्ट्याच्या मध्याची चूक त्या बिनडोक अंदाजाच्या चुकीपेक्षा कमी निघते का, एवढं पाहा. माझा कयास, पहिल्या भागात तात्या कुणालाही हरवतील आणि दुसऱ्या भागात या बिनडोक अंदाजाला हरवणं त्यांना जड जाईल.

परीक्षेसाठी दोन गोष्टी. या विषयावरच्या जुन्या पुस्तकांतले काही गाजलेले प्रयोग आज तितक्या विश्वासाने सांगता येत नाहीत. वाचायला अवघड अक्षरात प्रश्न छापला की लोक जास्त विचार करून बरोबर उत्तर देतात हा निष्कर्ष मोठ्या प्रमाणावर तपासला तेव्हा टिकला नाही. इच्छाशक्ती वापरून संपते, या कल्पनेवरच्या २०१६ च्या अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या प्रयोगातही परिणाम जवळजवळ दिसला नाही. ही उदाहरणं देणार असाल तर हे वाक्यही जोडा. आणि गेर्ड गिगेरेन्झर यांच्यासारख्यांचा आक्षेप टाळू नका: एकाच प्रकारच्या नियमांनी झटपट आणि सावकाश दोन्ही निर्णय समजावता येतात, मग दोन प्रकार मानायची गरजच काय, असं ते विचारतात. मला स्वतःला दोन प्रकारांची भाषा अजून उपयोगी वाटते, पण ती सिद्ध झालेली शरीररचना आहे असं लिहिलंत तर परीक्षकाने गुण कापावेत.

प्रोजेक्टबद्दल एक राहिलं. ज्या लॉटवर तात्यांनी त्या दिवशी स्वतः बोली लावली ते नमुन्यात घेऊ नका. त्यांच्या बोलीनेच भाव वर-खाली झालेला असतो, आणि मग तुम्ही तात्यांचा अंदाज तात्यांच्याच अंदाजाशी ताडून पाहाल. दुसऱ्या अडत्याच्या दुकानातले, तात्या हजर नसतानाचे लॉट मिळवा, आणि नमुना घेण्याआधी त्या शेतकऱ्याची परवानगी घ्या.